एक टन खडीचा हिशेब: निपाणी-बेळगाव सीमापट्ट्यातील दगडखाणीचे अर्थकारण

बेळगाव जिल्ह्याचा वायव्य कोपरा, म्हणजे निपाणी, चिकोडी, संकेश्वर यांच्या आसपासचा मुलूख, दख्खनच्या लाव्हाथरांच्या दक्षिण कडेवर वसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून बाहेर पडलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि त्यातून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. याच जिल्ह्यात पूर्वेला गोकाककडे गेले की कलादगी गटातले वालुकाश्म आणि गारगोटीसारखे कठीण खडक लागतात, तर पश्चिमेला खानापूरच्या बाजूने जांभा दिसू लागतो. त्यामुळे रस्ते आणि काँक्रीट यांसाठी लागणारी काळी खडी या भागात मुख्यतः लाव्हाच्या पट्ट्यातूनच निघते. ती पुणे-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना, कधी बेळगावकडे तर कधी कोगनोळीच्या पुढे सीमा ओलांडून कागल-कोल्हापूरकडे जाते.

या खडीच्या एका टनाला खर्च किती येतो, या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण तो आकडा टन कोठे मोजला यावर अवलंबून असतो. खाणीच्या तळावर फुटून पडलेला दगड, क्रशरच्या तोंडाशी पोहोचलेला दगड आणि बांधकामाच्या जागेवर उतरलेली खडी यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असतो. खालील विवेचनात एका कल्पित पण या भागातल्या मध्यम आकाराच्या खाणीला साजेशा उदाहरणातून हा हिशेब टप्प्याटप्प्याने मांडला आहे. त्यातील रुपयांचे दर उदाहरणापुरते धरलेले आहेत आणि ते काळानुसार बदलतील, परंतु घनफळ, घनता, भोकांतील अंतर आणि फेऱ्यांचा वेळ यांमधले परस्परसंबंध कायम राहतात, आणि हिशेब समजण्यासाठी तेच महत्त्वाचे असतात.

घनमीटर, टन आणि वरचा मुरूम

खाणीत दगड घनफळाने फोडला जातो, पण कर्नाटकात त्यावरचा आकार टनाने भरला जातो, म्हणून खडकाची घनता हा हिशेबाचा पहिला दुवा ठरतो. घट्ट, बिनछिद्री काळ्या पाषाणाचा एक घनमीटर सुमारे २.८ टन भरतो. लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, त्या छिद्रांत पुढे पांढरी-हिरवी खनिजे भरलेली असतात, आणि अशा खडकाचा घनमीटर २.६ टनांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरू शकतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लालसर मातकट पट्टा येतो, जो खडी म्हणून उपयोगाचा नसतो आणि दगडात मिसळला तर मालाचा दर्जा घसरवतो. एकाच संख्येची भोके मारून आणि तेवढीच दारू भरून घट्ट खडकातून १२६ टन दगड मिळत असेल, तर २.६ घनतेच्या खडकातून ११७ टनच मिळतो, म्हणजे खर्च तोच राहून टन सात टक्क्यांनी घटतात.

दगडावर काळी माती, मुरूम आणि कुजलेला मांजऱ्या खडक असतो, तो आधी काढावा लागतो. उदाहरणातल्या खाणीत असा दोन मीटरचा थर आहे, त्याखाली बारा मीटर खोलीपर्यंत दगड आहे आणि त्यातला दहा टक्के भाग लाल पट्ट्यामुळे व कुजलेपणामुळे टाकाऊ जातो, असे धरू. एका चौरस मीटर जमिनीखाली मग बारा गुणिले २.८ आणि त्यातून दहा टक्के वजा, असा सुमारे ३० टन विक्रीयोग्य दगड मिळतो. माती-मुरूम उचलून बाजूला टाकण्याचा खर्च घनमीटरला ६० रुपये धरला, तर दोन घनमीटरचे १२० रुपये या ३० टनांवर पसरून टनाला ४ रुपये होतात. तोच मुरूम चार मीटर आणि खालचा दगड सहा मीटर असेल, तर २४० रुपये अवघ्या १५ टनांवर पडतात आणि टनाला १६ रुपये लागतात. म्हणून खाणपट्टा घेण्यापूर्वी मारलेली दोन-चार चाचणी भोके पुढच्या अनेक वर्षांचा हिशेब ठरवतात. जमिनीवर उघडा दिसणारा कातळ नेमक्या त्याच जागी सच्छिद्र असेल, तर वरवर चांगली दिसणारी जागा महाग पडते.

भोके आणि सुरुंग

दगड फोडण्यासाठी खाणीची भिंत पायऱ्यांच्या रूपात ठेवतात आणि पायरीच्या कडेला समांतर अशा रांगांमध्ये उभी भोके मारतात. पहिल्या रांगेपासून मोकळ्या कडेपर्यंतच्या अंतराला बर्डन आणि एकाच रांगेतल्या दोन भोकांमधल्या अंतराला स्पेसिंग म्हणतात. प्रत्येक भोकाच्या वाट्याला येणारा दगड म्हणजे बर्डन, स्पेसिंग आणि पायरीची उंची यांचा गुणाकार होय. छोट्या खाणींत ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या जॅकहॅमरने बोटभर जाडीची, दीड ते तीन मीटर खोल भोके मारतात. मोठ्या खाणीत चार इंची भोके मारणारे वॅगन ड्रिल वापरतात.

उदाहरणासाठी सहा मीटर उंचीची पायरी, अडीच मीटर बर्डन, तीन मीटर स्पेसिंग आणि १०० मिलिमीटर व्यासाची भोके घेऊ. तळाशी दगडाचा उंचवटा उरू नये म्हणून भोक पायरीच्या तळाखाली साठ सेंटिमीटर जास्त, म्हणजे एकूण ६.६ मीटर खोल मारतात. भोकाच्या वाट्याला ४५ घनमीटर, म्हणजे १२६ टन दगड येतो. भोक मारण्याचा ठेका मीटरला ३०० रुपये असेल, तर एका भोकाचे १,९८० रुपये होतात आणि टनाला ते १५.७ रुपये पडतात.

भोकाचा वरचा अडीच मीटर भाग बारीक खडीने किंवा भोकातून निघालेल्या भुकटीने घट्ट बुजवतात, कारण हे बूच सैल असेल तर स्फोटाचा दाब दगडात न शिरता वर निघून जातो आणि दगड दूरवर उडतात. खालच्या ४.१ मीटरमध्ये सुमारे २५ किलो इमल्शनची काडतुसे बसतात, म्हणजे टनाला २०० ग्रॅम दारू लागते. किलोला ६५ रुपये धरले तर दारूचे १,६२५ रुपये होतात. त्यात डिटोनेटर, नळी आणि परवानाधारक ब्लास्टर यांचा भोकामागचा वाटा ३५० रुपये धरला, तर एकूण १,९७५ रुपये, म्हणजे टनाला पुन्हा १५.७ रुपये लागतात. अमोनियम नायट्रेट आणि डिझेल यांचे मिश्रण इमल्शनपेक्षा बरेच स्वस्त असते, परंतु ते पाण्यात विरघळते. पावसाळ्यानंतर कित्येक आठवडे बेसाल्टच्या सांध्यांतून भोकांत पाणी झिरपत राहते, आणि अशा भोकांत भरलेले मिश्रण निकामी होते. म्हणून या भागात हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत महाग पण पाणी सहन करणारी काडतुसेच वापरावी लागतात.

स्फोटकांच्या साठवणुकीला आणि वाहतुकीला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेचा परवाना लागतो, तर खाणीतल्या सुरक्षेवर खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियंत्रण असते. या बंधनांचा खर्च टनामागे काही रुपयांचा असला, तरी तो टाळण्याचे परिणाम कर्नाटकाने अनुभवले आहेत. २०२१ च्या जानेवारीत शिवमोग्याजवळ हुणसोडू येथे आणि फेब्रुवारीत चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या हिरेनागवल्ली येथे खाणकामासाठीच्या स्फोटकांचे दोन भीषण स्फोट होऊन अनेक माणसे दगावली, आणि त्यानंतर राज्यभर तपासण्या कडक झाल्या.

कमी भोके मारण्याची खोटी बचत

भोक आणि दारू मिळून टनाला ३१ रुपये लागतात हे पाहून खाणमालकाला पहिला विचार सुचतो तो भोके विरळ करण्याचा. बर्डन तीन मीटर आणि स्पेसिंग साडेतीन मीटर केले तर भोकाच्या वाट्याला १२६ ऐवजी १७६ टन दगड येतो आणि टनामागचा खर्च ३१ वरून २२ रुपयांवर उतरतो. कागदावर नऊ रुपयांची बचत झालेली दिसते. परंतु दगड तेवढाच बारीक फुटत नाही. बेसाल्टमध्ये थंड होताना पडलेले उभे सांधे असतात. भोके दूरदूर असली की स्फोट या सांध्यांतून मोकळा होतो आणि सांध्यांमधले मोठे ठोकळे न फुटता तसेच निसटतात.

असे ठोकळे क्रशरच्या जबड्यात जात नाहीत, म्हणून त्यांना पोकलेनवर बसवलेल्या ब्रेकरने फोडावे लागते. ब्रेकरचा तास १,६०० रुपयांचा आणि तासाला २५ टन ठोकळे फुटत असतील, तर ठोकळ्याच्या प्रत्येक टनाला ६४ रुपये लागतात. नेहमीच्या रचनेत दहा टक्के ठोकळे निघतात असे धरले, तर एकूण मालावर हा खर्च टनाला ६.४ रुपये पसरतो. विरळ रचनेत ते २५ टक्के झाले, तर १६ रुपये पसरतो. नऊ रुपये वाचवताना ब्रेकरवर साडेनऊ रुपये जास्त जातात, आणि त्याखेरीज पोकलेनला बादली भरायला लागणारा जादा वेळ, क्रशर अडकून बंद पडण्याचे प्रसंग आणि जबड्यांची झीज यांचा हिशेब वेगळाच राहतो. ब्रेकरचे तास वेगळ्या वहीत नोंदवले जात असल्याने ही गफलत पुष्कळदा ध्यानात येत नाही. म्हणून दारूचा आणि ब्रेकरचा खर्च एकाच ओळीत मांडणे हा ती ओळखण्याचा सोपा मार्ग आहे.

स्फोटानंतर खाणीच्या तळाकडे पाहूनही रचनेचा दोष कळतो. भिंतीच्या पायथ्याशी न फुटलेला उंचवटा उरला असेल तर भोके तळाखाली पुरेशी गेलेली नाहीत किंवा बर्डन जास्त आहे. भिंतीच्या मागच्या बाजूला जमिनीला तडे गेले असतील तर शेवटच्या रांगेत दारू जास्त झालेली आहे. फुटलेल्या ढिगात वर मोठे ठोकळे आणि खाली भुगा दिसत असेल तर बूच गरजेपेक्षा लांब राहिले आहे. भोकाच्या वाटेत लाल मातकट पट्टा आला असेल तर त्या मऊ थराने स्फोटाची शक्ती शोषून घेतलेली असते, आणि पुढच्या वेळी त्या खोलीवर काडतूस न ठेवता तेथेही खडीच भरली तर फोडणी सुधारते.

पोकलेन आणि टिप्पर यांचा मेळ

फुटलेला दगड उचलून क्रशरच्या तोंडाशी नेण्याचा खर्च यंत्रांच्या दरापेक्षा त्यांच्या मेळावर जास्त ठरतो. पोकलेनचा तास डिझेलसह २,००० रुपये आणि टिप्परचा १,००० रुपये धरू. टिप्परमध्ये १६ टन माल भरायला सहा मिनिटे लागतात, आणि चढ चढून जाणे, उपडे करणे व परत येणे मिळून एका फेरीला पंधरा मिनिटे लागतात. घड्याळाच्या तासातली प्रत्यक्ष काम झालेली मिनिटे पन्नासच धरली, तर एका टिप्परकडून तासाला ५३ टन माल जातो. पोकलेन मात्र अर्ध्याहून जास्त वेळ रिकामी उभी राहते, आणि टनाला ५६ रुपये पडतात. दोन टिप्पर लावले की तासाला १०७ टन जातात आणि खर्च ३७.५ रुपयांवर येतो. तिसरा टिप्पर लावला तर पोकलेनजवळ रांग लागते, माल थोडा लवकर हलतो, पण टनाचा खर्च त्यापेक्षा खाली येत नाही. क्रशरची क्षमता तासाला शंभर टन असेल, तर त्या तिसऱ्या टिप्परचा उपयोग केवळ उभे राहण्यापुरता होतो.

येथपर्यंतचा खाणीतला प्रत्यक्ष खर्च मग असा उभा राहतो: मुरूम काढण्याचे ४, भोके आणि सुरुंगाचे ३१, ब्रेकरचे ६ आणि भरणी-वाहतुकीचे ३८, असे मिळून टनाला सुमारे ७९ रुपये.

त्यावर स्थिर खर्च येतो. खाण आराखडा, पर्यावरण मंजुरी, खाणपट्ट्याचे भाडे, कुंपण, कायम नोकर, विमा आणि गुंतवणुकीचे व्याज हे दगड निघो वा न निघो, द्यावेच लागतात. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवल्यापासून या खर्चातला लहान खाणींचा वाटा वाढला. हा खर्च वर्षाला ३० लाख रुपये धरला, तर एक लाख टन काढणाऱ्या खाणीत तो टनाला ३० रुपये आणि साठ हजार टन काढणाऱ्या खाणीत ५० रुपये पडतो. सह्याद्रीच्या जवळ असल्यामुळे या पट्ट्यात पावसाळ्यात खाणी कित्येक आठवडे पाण्याने भरतात आणि बांधकामेही मंदावतात. म्हणून उरलेल्या महिन्यांत किती टन निघाले यावरच हा वाटा ठरतो.

रॉयल्टी: टन आणि ब्रास

जमिनीतल्या खनिजाच्या मोबदल्यात खाणधारक शासनाला जी रक्कम देतो तिला रॉयल्टी म्हणतात. २५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने रॉयल्टी हा कर नसून खनिजाचा हक्क उपभोगण्याचा करारातून येणारा मोबदला आहे, असा निर्णय आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिला. बांधकामाचा दगड हे गौण खनिज असल्यामुळे त्याचे नियम राज्ये करतात. कर्नाटकात हा व्यवहार १९९४ च्या गौण खनिज सवलत नियमांखाली चालतो आणि रॉयल्टी टनाने आकारली जाते. उदाहरणात ती टनाला ८० रुपये धरली आहे, आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानासाठी रॉयल्टीच्या दहा टक्के म्हणजे ८ रुपये धरले आहेत. खाणपट्टा लिलावाने घेतला असेल, तर बोलीची रक्कम यावर वेगळी चढते.

रॉयल्टीवरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर खाणधारकाला स्वतः भरावा लागतो, तर खडीवर तो ग्राहकाकडून ५ टक्के घेतो. भरलेला कर विक्रीवरच्या करातून वळता करता येत असल्यामुळे तो सहसा खर्चात धरत नाहीत. मात्र खरेदीवरचे दर जास्त आणि विक्रीवरचा दर कमी असल्याने पैसा काही काळ अडकून राहतो, आणि हिशेब नीट न ठेवणाऱ्या लहान खाणधारकाला तो खर्चच होऊन बसतो.

उदाहरणातल्या या ८८ रुपयांची तुलना खाणीतल्या ७९ रुपयांशी करून पाहावी. दगड उघडा पाडणे, भोके मारणे, फोडणे, भरणे आणि क्रशरपर्यंत नेणे या सगळ्याच्या खर्चापेक्षा शासनाला द्यायची रक्कम जास्त आहे. रॉयल्टी चुकवण्याचा मोह याच तफावतीतून येतो. गाडीमागे कमी टनांचा परवाना काढणे हा त्याचा नेहमीचा प्रकार आहे. परंतु रिकाम्या झालेल्या खाणीचे घनफळ ड्रोनने किंवा टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने मोजता येते, त्याला घनतेने गुणले की निघालेले टन कळतात, आणि ते परवान्यांच्या बेरजेशी जुळले नाहीत तर फरकावर दंडासह वसुली होते. याच ठिकाणी घनतेचा प्रश्न परत उभा राहतो. मोजणी करणाऱ्याने सगळा खडक २.८ घनतेचा धरला आणि प्रत्यक्षात त्यात सच्छिद्र थर, लाल पट्टा व मुरूम असला, तर प्रामाणिक खाणधारकाच्या नावावरही न काढलेले टन चढतात. म्हणून टाकाऊ मालाचे ढीग वेगळे ठेवून त्यांची मोजणी करून ठेवणे त्याच्याच हिताचे असते.

कोगनोळीपलीकडे महाराष्ट्रात रॉयल्टी ब्रासने घेतली जाते. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. २०२१ साली महाराष्ट्राने दगडावरचा दर ब्रासला ४०० वरून ६०० रुपये केला. हे ६०० रुपये टनात आणायचे तर सुट्या खडीची घनता घ्यावी लागते, अखंड खडकाची नव्हे, कारण खडीच्या तुकड्यांमध्ये हवा असते. सुट्या खडीचा घनमीटर साधारण १.५५ टन भरतो, म्हणजे एका ब्रासमध्ये ४.४ टन माल येतो आणि रॉयल्टी टनाला सुमारे १३७ रुपये होते. अखंड खडकाची घनता चुकून वापरली, तर ब्रासमध्ये जवळजवळ आठ टन येतात आणि महाराष्ट्राचा दर टनाला ७६ रुपये, म्हणजे कर्नाटकापेक्षाही कमी दिसतो. सीमेवरच्या दरांची तुलना करताना होणारी ही सर्वांत मोठी चूक आहे.

ब्रासने माल घेणाऱ्या ग्राहकालाही हा प्रश्न सुटत नाही. खडीचा आकार, तिच्यातली चुरी, ओलावा आणि रस्त्यात गाडी हादरून माल किती बसला यांनुसार एका ब्रासचे वजन ४.१ पासून ४.८ टनांपर्यंत बदलू शकते. माहीत असलेल्या घनफळाची एखादी पेटी खडीने भरून काट्यावर तोलली की त्या मालापुरती खरी घनता मिळते, आणि ब्रासचा भाव व टनाचा भाव एकमेकांशी जोडता येतात.

रस्ता, सीमा आणि शेवटचा आकडा

क्रशरचा खर्च, म्हणजे वीज, मँगनीज पोलादाचे झिजणारे जबडे, मजुरी, दुरुस्ती आणि यंत्राचा घसारा, मिळून टनाला ९० रुपये धरू. मग खाणीतले ७९, शासनाचे ८८, स्थिर ३० आणि क्रशरचे ९० मिळून क्रशरच्या दारात खडी टनाला २८७ रुपयांना पडते. चुरीला उठाव नसेल, तर तिचा बोजा खडीवरच येतो. यंत्रात धुऊन केलेल्या वाळूला मागणी वाढल्यापासून तो बराच हलका झाला आहे.

यापुढे रस्ता लागतो. दहाचाकी टिप्पर नियमांत राहून सुमारे १७ टन खडी नेतो. निपाणीपासून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ८० किलोमीटर. लिटरला तीन किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले तर फेरीला २,४०० रुपयांचे इंधन लागते. टायर आणि दुरुस्ती किलोमीटरला ८ रुपयांप्रमाणे ६४० रुपये होतात. हप्ता, चालक, विमा आणि कर मिळून गाडीचा दिवसाचा ६,००० रुपयांचा खर्च तीन फेऱ्यांवर वाटला की फेरीला २,००० रुपये येतात. एकूण ५,०४० रुपये १७ टनांवर पसरून टनाला २९६ रुपये होतात, आणि पथकर त्यावर वेगळा लागतो. हेच अंतर १५ किलोमीटर असेल तर दिवसाला पाच फेऱ्या होतात आणि खर्च १३८ रुपये येतो. दोन्हींची तुलना केली, तर दर किलोमीटरला टनामागे सव्वासहा रुपयांच्या आसपास खर्च वाढतो.

आता सीमेचा हिशेब स्पष्ट होतो. कर्नाटकातली रॉयल्टी महाराष्ट्रापेक्षा टनाला ५७ रुपयांनी कमी आहे, पण ५७ रुपये म्हणजे अवघे नऊ किलोमीटर. कागलजवळच्या बांधकामाला कोगनोळीकडची खाण महाराष्ट्रातल्या खाणीपेक्षा नऊ किलोमीटरपेक्षा जास्त लांब असेल, तर रॉयल्टीचा सगळा फायदा डिझेलमध्ये जिरतो. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्या मालाच्या नोंदीचे शुल्क आणि पथकर धरले, तर हा पट्टा आणखी अरुंद होतो. दोन राज्यांच्या दरांत कितीही तफावत असली, तरी खडीचा व्यापार सीमेच्या अल्याड-पल्याड मोजक्या गावांतच का घुटमळतो, याचे कारण हे आहे.

कोल्हापूरला उतरलेल्या एका टनाची बेरीज ५८३ रुपये होते. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग रस्त्याचा, जवळजवळ सहावा भाग क्रशरचा, त्याच्या जोडीनेच पंधरा टक्के रॉयल्टी व तिच्या जोडरकमेचा आणि केवळ पाच टक्के भोके व सुरुंगाचा आहे. गाडीत १७ ऐवजी २२ टन भरले तर रस्त्याचा खर्च टनाला २२९ रुपयांवर येतो, म्हणजे दारू आणि भोके फुकट मिळाली असती तरी जी बचत झाली असती, तिच्या दुपटीहून अधिक बचत नियम मोडून होते. जादा भरलेल्या गाड्या या रस्त्यांवरून कमी का होत नाहीत याचे उत्तर या आकड्यात आहे, आणि त्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्याला पुन्हा लागणारी खडी मात्र कोणाच्याच टनाच्या हिशेबात येत नाही.

या बेरजेवरून खाणमालकाच्या हातात काय आहे आणि काय नाही, तेही वेगळे करता येते. रॉयल्टी आणि डिझेलचा भाव त्याच्या हातात नाहीत. खडकाचा थर, मुरुमाची जाडी आणि बाजारपेठेपासूनचे अंतर हे जागा निवडताना एकदाच ठरतात आणि नंतर बदलत नाहीत. रोजच्या कामात त्याच्या निर्णयावर भोकांतील अंतर, ब्रेकरचे तास, टिप्परांची संख्या आणि वर्षात निघणारे टन एवढेच अवलंबून असते, आणि त्यांतून टनाला दहा ते वीस रुपयांचा फरक पडू शकतो. क्रशरच्या दारातला नफाही पुष्कळदा एवढाच असल्याने जागा चांगली असलेली खाण चुकीच्या फोडणीने तोट्यात जाऊ शकते, पण जागा चुकलेली खाण उत्तम फोडणीने क्वचितच सावरते.